आदरणीय परीक्षक महोदय, नाही

शास्त्रीय नियतकालिकात एखादा लेख छापण्यापूर्वी संपादक तो त्याच विषयातील दोन-तीन जाणकारांकडे पाठवतात, हे जाणकार बहुधा आपले नाव गुप्त ठेवून त्यातील उणिवा दाखवतात, आणि लेखकाने त्या प्रत्येक उणिवेला मुद्देसूद उत्तर देऊन दुरुस्त केलेला लेख परत पाठवावा अशी अपेक्षा असते. या व्यवहाराला पीअर रिव्ह्यू, म्हणजे समकक्ष परीक्षण म्हणतात. व्यवहार वरकरणी ज्ञानाचा असला तरी त्यातील पत्रव्यवहाराचे वळण सोयरिकीच्या बोलणीसारखे असते: जेवण उत्तम होते असे विहीणबाईंनी तीनदा सांगितले की भाजीत मीठ नव्हते हे वधूपक्षाने ओळखायचे असते, आणि ओळखले आहे हे न दाखवता आभार मानायचे असतात. एका भाषेत हे सारे कसेबसे निभावून जाते. परंतु परीक्षकाने इंग्रजीत मारलेला टोमणा आणि लेखकाने इंग्रजीतच आवळलेली मूठ ही दोन्ही चिनी भाषेत नेऊन पोचवायची असतील, तर मध्ये एक अनुवादक बसवावा लागतो. आणि टोमणा टोचला पाहिजे पण रक्त येता कामा नये, मूठ दिसली पाहिजे पण उगारलेली वाटता कामा नये, एवढी माफक अपेक्षा त्याच्याकडून ठेवली जाते.

अशी वेळ येते कुठे, हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण शास्त्रव्यवहार आता इंग्रजीतच चालतो असा समज सर्वत्र आहे. चीनमध्ये चिनी भाषेत निघणारी संशोधन-नियतकालिके मोठ्या संख्येने आहेत, त्यांतील काहींकडे परदेशी सहलेखकांचे लेख येतात, आणि कधी विषयातला योग्य माणूस परदेशातच असल्यामुळे परीक्षणही बाहेरून मागवावे लागते. शिवाय इंग्रजी नियतकालिकाकडून आलेले परीक्षण प्रयोगशाळेतील सर्वांना, विशेषतः सही करणाऱ्या ज्येष्ठ प्राध्यापकांना, चिनीत वाचायचे असते. प्रस्तुत विवेचनासाठी एक कल्पित प्रकरण घेऊ. यांगत्से नदीच्या एका उपनदीतून दरवर्षी किती गाळ वाहून जातो, याविषयीचा एक लेख एका डच जलशास्त्रज्ञाने दोन चिनी सहकाऱ्यांसह लिहिला आणि चिनी नियतकालिकाकडे पाठवला. त्याचे एक परीक्षण इंग्लंडमधील एका वयोवृद्ध तज्ज्ञाने इंग्रजीत केले. म्हणजे एका टोकाला कधीही ‘नाही’ न म्हणणारा इंग्रज, दुसऱ्या टोकाला ‘नाही’शिवाय काही न म्हणणारा डच, आणि मधोमध चिनी भाषा, जिच्यात ‘नाही’ म्हणण्याची सोय भरपूर असली तरी ती वापरण्यापूर्वी समोरच्याला बसायला खुर्ची द्यावी लागते.

इंग्रज तज्ज्ञांच्या पहिल्या सूचनेचा आशय असा होता की, नमुने केवळ पुराच्या महिन्यांत घेतलेले असल्याने त्यांवरून वर्षभराचा अंदाज बांधणे पुरेसे समर्थनीय ठरते किंवा कसे, याचा लेखकांनी, त्यांची इच्छा असल्यास, कदाचित विचार करून पाहावा. या वाक्यात इच्छा आहे, कदाचित आहे, विचार आहे आणि पाहणेही आहे. फक्त आज्ञा कुठे दिसत नाही. प्रत्यक्षात संपूर्ण वाक्य आज्ञाच आहे, आणि तिचा अर्थ ‘कोरड्या महिन्यांतील नमुने आणा, नाहीतर वार्षिक आकडा काढून टाका’ असा होतो. नवशिक्या अनुवादकाने ते शब्दाला शब्द ठेवून ‘खअयी खाओल्यू’, म्हणजे ‘विचार करता येईल’, असे उतरवले. चिनी सहलेखकांनी ते वाचले, विचार केला, आणि विचारान्ती काहीही न करण्याचे ठरवले. भाषेच्या दृष्टीने त्यांचे वर्तन निर्दोष होते. दुसऱ्या फेरीत तज्ज्ञांनी लिहिले की आपल्या पूर्वीच्या सूचनेकडे लक्ष गेलेले दिसत नाही याचे त्यांना काहीसे आश्चर्य वाटते. आणि इंग्रज परीक्षकाला ‘काहीसे आश्चर्य’ वाटू लागले की लेखकाने पुढच्या नियतकालिकाचा पत्ता शोधायला लागावे.

वस्तुतः चिनी परीक्षणांच्या भाषेत आग्रहाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि त्या बाहेरच्या माणसाला नेमक्या उलट वाटतात. ‘खअयी खाओल्यू’ ही सर्वांत खालची पायरी. तिच्यावर पाय दिला नाही तरी चालते. तिच्या वर ‘ज्येनयी’, म्हणजे ‘सुचवतो’. शब्दकोशात ही सूचना असली तरी परीक्षकाच्या पत्रात ती पाळण्यासाठीच केलेली असते आणि न पाळल्यास कारण द्यावे लागते. त्याच्याही वर ‘छिंग’, ज्याचा अर्थ ‘कृपया’. येथे इंग्रजी शिकलेला अनुवादक हमखास घसरतो, कारण कृपया घातले की वाक्य मऊ होते अशी त्याची समजूत असते. ‘छिंग बूछोंग’, म्हणजे ‘कृपया भर घालावी’, हे परीक्षणात मऊ नसून मोकळेपणाने दिलेले काम आहे, आणि ते काम झाले की नाही हे संपादक पुढच्या फेरीत तपासतात. सर्वांत वर ‘बीश्यू’, म्हणजे ‘केलेच पाहिजे’. पण समकक्षाने समकक्षाला हा शब्द वापरला की समकक्षता संपून खात्याची चौकशी सुरू झाल्यासारखे वाटते, म्हणून सभ्य परीक्षक तो टाळतात. इंग्रज तज्ज्ञांची ती इच्छा-कदाचित-विचारयुक्त आज्ञा ‘ज्येनयी’वर बसवून शेवटी अपेक्षित कृती, म्हणजे कोरड्या ऋतूतील नमुने, स्पष्ट लिहिली की नम्रताही राहते आणि कामही कळते. अनुभवी अनुवादक यासाठी भाषांतराला हात लावण्यापूर्वी प्रत्येक सूचनेसमोर समासात एका ओळीत लिहितो की लेखकाने नेमके काय करायचे आहे. हे लिहिता आले नाही तर सूचना अजून समजलेली नाही असे तो धरतो. मुळात परीक्षकालाच ते ठाऊक नसण्याची शक्यताही गृहीत धरावी लागते, परंतु तो या निबंधाचा विषय नव्हे.

दुसरी सूचना स्तुतीची होती, म्हणून अधिक धोकादायक होती. तज्ज्ञांनी म्हटले होते की लेखातील पद्धत ‘क्वाइट’ नवीन आहे. अमेरिकी माणसाच्या तोंडी या शब्दाने नावीन्य वाढते. इंग्रजाच्या तोंडी अनेकदा ते तेथल्या तेथे थांबवले जाते. चिनीत दोन्ही सोयी आहेत: ‘श्यांगदांग’ म्हटले की नावीन्य बरेच ठरते, आणि ‘यीदिंग’ म्हटले की ‘काही एक प्रमाणात’ नावीन्य आहे असे होते. चिनी परीक्षणांचा आरंभ पुष्कळदा याच ‘यीदिंग’ने होतो. लेखाला काही एक सैद्धान्तिक महत्त्व आहे, काही एक व्यावहारिक उपयोग आहे, असे वाचताच मुरलेला लेखक खाली बसतो आणि पाणी मागतो, कारण ‘परंतु’ आता दोन ओळींवर आलेले असते. अनुवादकाने परीक्षकाचे उरलेले पत्र वाचून, पुढे किती चाबूक आहेत हे मोजून, मग हा एक शब्द निवडावा असा नियम आहे. आमच्या कल्पित प्रकरणात पुढे बरेच चाबूक असल्याने ‘यीदिंग’ योग्य होते. पण ज्येष्ठ प्राध्यापकांना वाईट वाटू नये म्हणून अनुवादकाने ‘श्यांगदांग’ लिहिले, प्राध्यापकांनी ती ओळ वार्षिक अहवालात उतरवून घेतली, आणि नंतर लेख नाकारला गेला तर या ओळीचे काय करायचे, असा प्रश्न कार्यालयात बराच काळ पडून राहिला.

उणिवा दाखवताना मात्र चिनी भाषेने अनुवादकाला एक अमोल वस्तू दिली आहे, ती म्हणजे ‘शांगवेइ’, अर्थात ‘अद्याप नाही’. लेखकांना स्पष्टीकरण देण्यात अपयश आले आहे, असे इंग्रजी वाक्य तसेच उतरवले तर घरात सुतक पडल्यासारखे होते. लेखकांनी अद्याप स्पष्टीकरण दिलेले नाही, असे केले की दोष जागच्या जागी राहतो, पण तो माणसावरून उठून वेळापत्रकावर जाऊन बसतो. महाराष्ट्रातील सरकारी पत्रे वाचणाऱ्यांना या युक्तीचे सामर्थ्य सांगायला नको; आपल्याकडे ‘अद्याप कार्यवाही झालेली नाही’ या वाक्यावर कित्येक धरणे निवांत झोपलेली आहेत. फरक एवढाच की चिनी परीक्षणातील ‘अद्याप’ला मुदत असते, आणि ती बहुधा संपादकांच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत छापलेली असते. या पत्रात निर्णयही कळवलेला असतो: किरकोळ दुरुस्तीला ‘श्याओश्यू’ आणि मोठ्या दुरुस्तीला ‘दाश्यू’ म्हणतात. ‘दाश्यू’ हाच शब्द कारखान्यातील यंत्र पूर्ण खोलून पुन्हा जोडण्यासाठीही वापरतात, त्यामुळे हा निर्णय हाती पडलेल्या लेखकाच्या मनःस्थितीचे वेगळे वर्णन करावे लागत नाही.

तिसऱ्या सूचनेत तज्ज्ञांनी पाच लेखांची यादी देऊन, लेखकांच्या नजरेतून हे संबंधित काम निसटले असावे असे नमूद केले होते. पाचही लेख एकाच गृहस्थांचे होते. परीक्षकाचे नाव गुप्त ठेवण्याच्या पद्धतीला याहून मोठा धक्का देणे कठीण आहे, परंतु ती गुप्तता मोडली आहे हे कोणीही मान्य करायचे नसते; ते कुलीन मौन तिन्ही भाषांत सारखेच पाळले जाते. पाचांपैकी दोन लेख खरोखर गाळाविषयी होते. उरलेले तीन वाळवंटातील वाऱ्याविषयी होते. डच जलशास्त्रज्ञाने या सूचनेचे उत्तर एका ओळीत लिहून पाठवले: ‘दोन घेतले. तीन संबंधित नाहीत.’

“एवढे लहान उत्तर चालणार नाही,” अनुवादकाने कळवले.

“यात चूक काय आहे?”

“चूक काहीच नाही. तेच तर कठीण आहे.”

“मग ‘नाही’साठी तुमच्याकडे दुसरा शब्द आहे का?”

“शब्द तोच राहील, साहेब. त्याच्या आधी चार वाक्ये येतील.”

ही चार वाक्ये म्हणजे उत्तरपत्राची शिस्त होय. प्रथम आभार. चिनी उत्तरपत्रात परीक्षकाला बहुधा ‘परीक्षक-तज्ज्ञ’ किंवा ‘लाओशी’, म्हणजे गुरुजी, म्हणून संबोधतात, साध्या ‘नी’ऐवजी आदरार्थी ‘निन’ वापरतात, आणि प्रत्येक सूचनेला ‘बाओग्वेइ’, म्हणजे मौल्यवान, म्हणतात. पद्धत चांगली आहे; अडचण अशी की सूचना जर चाळीस असतील तर मौल्यवान वस्तूंचा एवढा साठा होतो की भाव पडतो. तक्ता क्रमांक दोनमध्ये स्वल्पविराम राहिला आहे, या सूचनेलाही मौल्यवान म्हटले की खऱ्या सूचनेसाठी शब्द उरत नाही आणि परीक्षकाला आपली थट्टा चालली आहे असे वाटू लागते. म्हणून जाणता अनुवादक आभारांचीही प्रतवारी लावतो: मोठ्या आक्षेपाला ‘मौल्यवान’, मुद्द्याला धरून असलेल्याला ‘जोंगखन’, आणि स्वल्पविरामाला नुसते ‘दुरुस्त केले आहे’. याच्या उलट काही हौशी मंडळी जुन्या साहित्यातून ‘फूजंग’ हा शब्द काढून आणतात, ज्याचा अर्थ ‘कुऱ्हाडीने दुरुस्त करावे’ असा आहे. त्यामागे ज्वांगझी या प्राचीन तत्त्वज्ञाच्या ग्रंथातील गोष्ट आहे: एका माणसाच्या नाकाच्या शेंड्यावर चुन्याचा पातळ डाग पडला होता, आणि एका सुताराने कुऱ्हाड फिरवून नाकाला धक्का न लावता तो उडवला. विनयाने मार्गदर्शन मागण्यासाठी हा शब्द सुंदर आहे. पण ज्याने नुकतीच वार्षिक आकड्यावर कुऱ्हाड चालवली आहे त्या गृहस्थाला गाळाच्या लेखात तो लिहिणे म्हणजे आपले नाक पुन्हा पुढे करणे होय.

आभारांनंतर परीक्षकाची शंका समजली असल्याचे सांगणे, त्यानंतर आपली मांडणी पुरेशी स्पष्ट नसल्याचा दोष स्वतःकडे घेणे, आणि मग पुरावा. स्पष्ट नसल्याचा दोष घेताना मांडणी खरोखर अस्पष्ट असलीच पाहिजे असे नाही. परीक्षकाने ते पान वाचलेले नाही हे सांगण्याची ती मान्यताप्राप्त पद्धत आहे. डच शास्त्रज्ञाला हे पटवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. “पान नऊवर सगळे लिहिले आहे,” हे त्याचे म्हणणे होते, आणि ते खरेही होते. अखेर चिनी उत्तरात, संबंधित मजकूर पुरेसा ठळक नव्हता म्हणून पान नऊवर तो अधिक स्पष्ट केला आहे, असे लिहिले गेले, आणि खरोखरच एक शब्द वाढवण्यात आला, कारण न केलेला बदल केला म्हणून सांगणे हे मात्र कोणत्याही भाषेतील नम्रतेत बसत नाही. पान नऊ चिनी आवृत्तीत पान सात होते, हे सगळ्यांच्या नंतर लक्षात आले. इंग्रजी मजकूर चिनीत गेला की पृष्ठसंख्या आक्रसते, ओळींचे क्रमांक सरकतात, आणि उत्तरपत्रातील ‘ओळ २१४ पाहावी’ ही सूचना पाळणाऱ्या परीक्षकाला तेथे संदर्भसूची भेटते. म्हणून क्रमांक घालणे हे काम सर्वांत शेवटी आणि दुरुस्त चिनी प्रतीवरूनच करायचे असते. एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मा राग वाचतो.

आता उरले ते पाचवे वाक्य, म्हणजे प्रत्यक्ष ‘नाही’. येथे अनुवादकाच्या हातून दोन प्रकारचे अपघात होतात. पहिला अपघात जास्त कठोरपणाचा. आदरपूर्वक असहमत आहोत, या इंग्रजी ठरीव वाक्याला चिनीत जुळणारे म्हणून ‘बूगान गोउथोंग’ हे चार अक्षरी पद सुचते. त्याचा शब्दशः अर्थ ‘उगीच सहमत होण्याचे धाडस होत नाही’ असा असल्याने ते फार विनयशील दिसते. प्रत्यक्षात वादविवादात ते चांगलेच धारदार असते आणि परीक्षकाला उद्देशून वापरल्यास लेखकाने कोट काढून बाह्या सरसावल्याचे दृश्य उभे राहते. ‘शांगछुए’, म्हणजे ‘यावर विचारविनिमय व्हावा’, हा शब्दही असाच फसवा. अमुक विधान विचारविनिमयास पात्र आहे, याचा अर्थ ते चुकीचे आहे असाच घेतला जातो. परीक्षकाने लेखकाला तो लिहिणे रूढ आहे, लेखकाने परीक्षकाला लिहिताना हात आखडता घ्यावा.

दुसरा अपघात जास्त गोडव्याचा, आणि तो अधिक घातक. तीन लेख घेणार नाही, हे फार रुक्ष वाटल्याने अनुवादकाने ‘जिनहोउ’, म्हणजे यापुढील संशोधनात, या लेखांचा सखोल परामर्श घेतला जाईल, असे लिहिले. ‘यापुढील संशोधन’ ही शास्त्रीय वाङ्मयातील सर्वांत मोठी अडगळीची खोली आहे. न करायचे सर्व प्रयोग, न वाचायचे सर्व ग्रंथ आणि न पटलेले सर्व परीक्षक तेथे आदराने ठेवलेले असतात. जे काम खरोखर पुढे करायचे आहे त्यासाठी ती वापरावी. पण वाळवंटातील वाऱ्याचा नदीच्या गाळाशी पुढेही संबंध येणार नव्हता, त्यामुळे नकाराचे वचन झाले, आणि परीक्षकांनी पुढच्या फेरीत अत्यंत प्रेमाने विचारले की मग आताच परामर्श घेण्यास काय हरकत आहे. शेवटी टिकलेले वाक्य असे होते: काळजीपूर्वक विचार केल्यानंतर, दोन लेखांचा समावेश केला आहे, उरलेले तीन वाऱ्याने होणाऱ्या वहनाविषयी असून प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेर असल्याने मूळ संदर्भसूची ‘बाओल्यू’, म्हणजे कायम, ठेवली आहे. ‘कायम ठेवली आहे’ या शब्दांत कोणाचा अपमान नाही, कसले वचन नाही आणि शंकेलाही जागा नाही. भाषांतर तिसऱ्या माणसाला दाखवून ‘लेखक नेमके काय करणार आहेत?’ एवढेच विचारायचे. त्याने ‘दोन घेतले, तीन घेतले नाहीत’ असे उत्तर दिले की वाक्य पास समजायचे. डच शास्त्रज्ञाने हे उत्तर ऐकले आणि आपले मूळ वाक्य हेच होते याकडे पुन्हा लक्ष वेधले.

हा सगळा उपद्व्याप नकोच असे म्हणणाऱ्यांसाठी इतिहासात एक थोर उदाहरण उपलब्ध आहे. 1936 साली आइन्स्टाइन यांनी नेथन रोझेन यांच्यासह गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत असे सांगणारा लेख फिजिकल रिव्ह्यू या अमेरिकी नियतकालिकाकडे पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षणाला दिला, आणि परीक्षकाने दहा पानांचे आक्षेप लिहून पाठवले. आइन्स्टाइन यांनी उत्तरात कळवले की लेख छापण्यासाठी पाठवला होता, छापण्यापूर्वी कोणा तज्ज्ञाला दाखवण्याची परवानगी दिलेली नव्हती. त्या अनामिकाचे आक्षेप, जे तसेही चुकीचे आहेत, त्यांना उत्तर देण्याचे कारण दिसत नाही, सबब लेख अन्यत्र छापला जाईल. या पत्राचे चिनी भाषांतर करायला सांगितले तर कसलेला अनुवादकही आधी रजा टाकील, कारण त्यात ठामपणा भरपूर असून नम्रतेच्या नावाने औषधालाही काही नाही, आणि ‘तसेही चुकीचे’ या शब्दांवर ‘निन’चे कितीही थर चढवले तरी आतला डाग फुटून वर येतो. गमतीचा भाग पुढेच आहे. ते अनामिक परीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन हे होते; त्यांनी तीच चूक नंतर प्रिन्स्टनमध्ये आइन्स्टाइन यांचे सहकारी लिओपोल्ड इन्फेल्ड यांना मैत्रीच्या गप्पांत समजावून सांगितली, आणि 1937 साली लेख दुसऱ्या नियतकालिकात आला तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता. आक्षेप तोच, गणित तेच; फक्त लिफाफा नव्हता.

गाळाच्या लेखाला मात्र आइन्स्टाइन यांच्यासारखे दुसरे नियतकालिक सहज मिळण्याची खात्री नसल्याने तो तिसऱ्या फेरीत गेला. कोरड्या महिन्यांतील नमुने आणले गेले, वार्षिक आकडा खाली आला, बदललेला मजकूर लाल रंगात दाखवला गेला, आणि ऐन वेळी एका चिनी सहलेखकाने हरकत घेतली की पत्ता बदलल्यामुळे त्यांचे नावही लाल झाले आहे. चीनमध्ये माणसाचे नाव लाल शाईत लिहिणे अशुभ मानतात, त्यामुळे नाव पुन्हा काळे करून फक्त विद्यापीठ लाल ठेवण्यात आले. काही आठवड्यांनी इंग्रज तज्ज्ञांचे अंतिम परीक्षण आले. त्यात एकच ओळ होती: आणखी काही सांगायचे नाही. हीही उतरवणे सोपे नव्हते, कारण चिनीत परीक्षकाच्या सूचनेला ‘यीज्येन’ म्हणतात आणि एखाद्याबद्दल मनात अढी असणे यालाही ‘यीज्येन’च म्हणतात. अनुवादकाने ‘अन्य यीज्येन नाहीत’ असे लिहून पाठवले, आणि ज्येष्ठ प्राध्यापकांचा लगेच फोन आला.

“म्हणजे त्यांच्या सूचना संपल्या?”

“हो, लाओशी. संपल्या.”

“आणि राग?”

“मूळ पत्रात त्याविषयी काही लिहिलेले नाही.”

“मग एक आभारपत्र तयार करा,” प्राध्यापक म्हणाले, “आणि त्यात मौल्यवान दोनदा घाला.”